२००० वॅटचा कन्व्हेक्टर, रोज सहा तास: महिन्याला खरंच ३६० युनिट?

गारठलेली

मंडळी, घरात हिशेबावरून वाद पेटलाय, म्हणून हा धागा. खोलीत ठेवायला कन्व्हेक्टर हीटर आणलाय. पांढरा, चपटा, खालून थंड हवा घेऊन वरून गरम सोडणारा. त्यावर ७५०, १२५० आणि २००० असे तीन टप्पे आणि थर्मोस्टॅटची एक चकती आहे. संध्याकाळी सहा ते रात्री बारा चालतो.

नवरा म्हणतो २००० वॅट गुणिले सहा तास म्हणजे दिवसाला १२ युनिट, महिन्याला ३६०. आमच्या एरवीच्या बिलात एवढे एकूण युनिटही नसतात. दीर म्हणतो थर्मोस्टॅट आहे ना, निम्मंच धरा. निम्मंच का, हे त्याला सांगता येत नाही. विकणारा म्हणाला "फार येत नाही हो". "फार" हे कुठलं एकक आहे?

बिल यायच्या आत खरा आकडा काढता येतो का?

---

सुतळी

पाणी तापवायला सहा तास हीटर कशाला लागतो? आमच्याकडे बादलीत सोडायची कॉइल आहे, अर्ध्या तासात पाणी कढतं. बारा युनिट म्हणजे लूट आहे.

---

रिकामटेकडा

@सुतळी, त्या खोली तापवतायत, बादली नाही :)

---

सुतळी

अच्छा अच्छा. मग चालू द्या. (खोली मोठीच बादली आहे म्हणा.)

---

हिशेबनीस

तुमच्या मिस्टरांचा गुणाकार बरोबर आहे. १००० वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट, त्यामुळे २००० वॅट सहा तास म्हणजे १२. यात वाद कसला? कमी हवं असेल तर टप्पा ७५० वर आणा, दिवसाला साडेचार युनिट. प्रश्न मिटला. मी स्वतः तसंच करतो.

---

जुना वायरमन

हिशेबनीसांचा गुणाकार बरोबर आहे, पण तो हीटर सहा तास अखंड तापत राहिला तर. तसा तो राहत नाही. खोली चकतीवर लावलेल्या उष्णतेला पोचली की आत 'टक्' असा आवाज येतो आणि कॉइल बंद होते. थोडी थंड झाली की पुन्हा 'टक्'. तुम्ही मोजताय ते 'स्विच चालू होता' ते तास. मीटर मोजतं ते कॉइल तापत होती ते तास.

वाईटात वाईट किती येईल, ते गुणाकाराने कळतं. १२ च्या वर तो हीटर जाऊच शकत नाही. खरा आकडा मात्र हीटरवर छापलेला नसतो, तो तुमच्या भिंती आणि खिडक्या ठरवतात. खोलीतून जेवढी ऊब बाहेर पळते तेवढीच हीटरला भरून द्यावी लागते.

ताई, दोन संध्याकाळी खर्च करा. पहिल्या दिवशी हीटर न लावता सहा आणि बारा वाजता मीटरचे आकडे लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी हीटर लावून तसंच. बाकी घर दोन्ही दिवशी सारखं चालवा, म्हणजे एका दिवशी इस्त्री आणि एका दिवशी नाही असं नको. वजाबाकी केली की हीटरचे युनिट हातात. सोबत घड्याळ घेऊन बसा आणि खोली तापल्यावर 'टक्' ते 'टक्' किती मिनिटं चालू, किती बंद, तेही टिपा. बाहेरचं तापमान लिहायला विसरू नका, त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

---

थंडोबा

काका, आमचा तर दिवसभर टिक टिक टिक करत असतो. तो सगळा थर्मोस्टॅट?

---

जुना वायरमन

नाही. बारीक टिकटिक म्हणजे पत्रा तापताना फुगतो आणि निवताना आक्रसतो, त्याची. थर्मोस्टॅटचा आवाज एकच आणि ठसठशीत असतो. शंका असेल तर वर हात धरा. दोन मिनिटांत हवा कोमट झाली तर कॉइल बंद झालीय.

---

काटकसर_नंबर_१

आमच्याकडे प्लगला लावायचं छोटं मीटर आहे, त्यामुळे वजाबाकीची भानगड नाही. माझा आकडा ऐका: २००० वॅटचाच कन्व्हेक्टर, सहा तास, फक्त अडीच युनिट! गारठलेली, उगीच घाबरताय. थर्मोस्टॅट चांगला असला की झालं.

---

हिशेबनीस

अडीच? म्हणजे सहा तासांत सव्वा तासच चालला? खोली आहे की थर्मास?

---

कोपऱ्यातली खुर्ची

@काटकसर_नंबर_१ हीटर ठेवलाय कुठे?

---

काटकसर_नंबर_१

टेबलाखाली. पायाशी ऊब येते. मागे खिडकीचा पडदा आहे.

---

कोपऱ्यातली खुर्ची

तरीच. माझंही हेच झालं होतं म्हणून विचारलं. टेबलाखाली गरम हवेचा डबका साचतो. थर्मोस्टॅट हीटरच्या अंगातच असतो, त्याला तो डबका म्हणजेच सगळी खोली वाटते. तो खुशाल बंद होतो आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला आपण शाल पांघरून बसलेलो.

तपासायला सोपं आहे. साधा थर्मामीटर खोलीच्या पलीकडच्या भिंतीशी, बसलेल्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर ठेवा. हीटर 'बंद' म्हणत असताना तिथे १४-१५ दिसलं तर तुमची काटकसर म्हणजे फक्त थंडी आहे.

---

जुना वायरमन

आणि तो पडदा आधी बाजूला घ्या. वरची जाळी झाकली गेली की हवा आतच कोंडते आणि अति तापल्यावर बंद करणारं वेगळं सुरक्षेचं कटआउट पडतं. ते वारंवार पडत असेल तर युनिट कमी दिसणारच. पण ती बचत नव्हे, तो इशारा आहे. हीटरवर कपडे वाळत घालणाऱ्यांनीही हे वाचावं.

---

काटकसर_नंबर_१

पडदा काढला, हीटर मोकळ्यावर आणला. पलीकडच्या भिंतीशी १५ होतं हे कबूल. आजचा आकडा ५.१ युनिट. आयडी बदलून घेऊ का? :(

---

रिकामटेकडा

'काटकसर_नंबर_२' मोकळा असावा.

---

चौकस

माझी तक्रार वेगळी आहे. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, बाजूला 3200 imp/kWh लिहिलंय. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त हीटर २००० वर लावला. हिशेबाने नऊ सेकंदांत १६ वेळा लुकलुकायला हवा. मोबाइलवर व्हिडिओ काढून मोजलं, १३ ते १४ च येतात. म्हणजे हीटर २००० चा नाहीच, साधारण साडेसोळाशेचा आहे! फसवणूक.

---

जुना वायरमन

फसवणूक म्हणण्याआधी संध्याकाळी घरात व्होल्टेज किती येतं ते पाहा. २००० वॅट हे २३० व्होल्टला. कॉइल म्हणजे निव्वळ रोध, व्होल्टेज थोडं घसरलं तरी वॅट दुप्पट वेगाने घसरतात. २१० व्होल्ट आले तर हाच हीटर १६७० च्या आसपास ओढतो. तुमचा आकडा तिथेच बसतोय.

---

चौकस

बघतो. पण मग कमी व्होल्टेज म्हणजे कमी बिल, चांगलंच की!

---

जुना वायरमन

नाही ना! खोलीला जेवढी ऊब लागते तेवढी लागतेच. कॉइल मंद तापली तर 'टक्' उशिरा होईल, चालू राहण्याचा वेळ वाढेल. युनिट जवळपास तेवढेच. हिशेबनीसांच्या ७५० च्या टप्प्याचंही हेच आहे, ते ऐकत नाहीत ही गोष्ट वेगळी.

---

हिशेबनीस

ऐकतोय, पण पटत नाहीये. ७५० वॅट सहा तास, जास्तीत जास्त साडेचार युनिट. हा तुमचाच नियम, छापील आकड्याच्या वर हीटर जात नाही. मग बचत नाही कशी?

---

गारठलेली

मीच आले आकडे घेऊन. चार-पाच संध्याकाळी यात घालवल्या, घरच्यांनी वेड्यात काढलंय.

बाहेर रोज साधारण ६ अंश होतं. हीटर लावताना खोली १२ अंशांवर. चकती अशी लावली की पलीकडच्या भिंतीशी २० राहील.

हीटर न लावता सहा तासांत घराचे १.३ युनिट. हीटर २००० वर लावून ७.७. म्हणजे हीटरचे ६.४. नवऱ्याचे १२ चुकले. दिराचे ६ जवळ आले, पण तो तुक्का.

घड्याळ लावून पाहिलं तर कारण कळलं. सुरुवातीची पाऊण तास कॉइल बंदच होत नाही, तिथे दीड युनिट जातात. त्यानंतर सात मिनिटं चालू, आठ मिनिटं बंद असं चक्र लागतं. पंधरातली सात मिनिटं २००० वॅट, म्हणजे सरासरी ९३० वॅटच्या आसपास. उरलेले सव्वापाच तास तसेच, म्हणून ४.९ युनिट. दीड अधिक ४.९, बरोब्बर ६.४. वजाबाकी आणि घड्याळ जुळलं तेव्हा इतका आनंद झाला की नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितलं.

महिन्याचे साधारण १९०. ३६० नाही.

हिशेबनीस, तुमच्यासाठी बाकीचे टप्पेही करून पाहिले. १२५० वर खोलीला २० गाठायला पावणेदोन तास लागले आणि एकूण सव्वासहा युनिटच्या जरा खाली आले. म्हणजे पाव युनिट वाचलं, ते एक तास जास्त कुडकुडून. ७५० वर खरंच साडेचार आले. पण रात्री बारालाही थर्मामीटर १७ च्या वर गेला नाही आणि 'टक्' एकदाही ऐकू आला नाही.

---

जुना वायरमन

वा ताई. अख्ख्या धाग्याचं काम तुम्ही केलंत.

हिशेबनीस, उत्तर यातच आहे. यांच्या खोलीला २० अंश टिकवायला ९३० वॅट लागतात. ७५० त्याला पुरतच नाहीत, म्हणून तो न थांबता चालला आणि खोली १७ ला अडकली. वाचलेले युनिट टप्प्यामुळे वाचले नाहीत, खोली तीन अंश थंड राहिली म्हणून वाचले. तेच २००० वर ठेवून चकती १७ ला लावली असती तरी सहा तासांत फार फरक पडला नसता, आणि ऊब अर्ध्या तासाच्या आत मिळाली असती.

---

हिशेबनीस

ठीक, मान्य. मला १७ चालतं, हा माझा खासगी प्रश्न. पण मग खरी बचत टप्प्यात नाही, चकतीत आहे असंच म्हणताय ना?

---

जुना वायरमन

चकतीत आणि फटीत. आत २०, बाहेर ६, फरक १४ अंशांचा. ऊब याच फरकाच्या प्रमाणात पळते. चकती १८ वर आणली की फरक १२ चा होतो, म्हणजे एकदा तापल्यानंतरच्या खर्चातून सातवा हिस्सा गेला. यांच्या ४.९ चे ४.२ होतील. बाहेर १० अंश असते तर तेच दोन अंश पाचव्या हिश्श्याची बचत देतील. म्हणून "एक अंश कमी केला की इतके टक्के" असे ठोकळ आकडे कुणी सांगितले तर आधी विचारा, बाहेर किती होतं?

---

थंडोबा

मग तेलाचा हीटर घ्या की. तो कमी वीज खातो म्हणतात. बंद केला तरी तासभर गरम राहतो.

---

कोपऱ्यातली खुर्ची

गरम राहतो कारण आधी ते तेल तापवायला तुम्हीच वीज घातलेली असते. फुकट काही नाही. दोन्ही एका युनिटची एका युनिटएवढीच उष्णता करतात. मला तेलाचा आवडतो, पण बिलासाठी नाही, टिकटिक नाही म्हणून.

---

दक्षिणद्वार

या सगळ्यात कोणी एसीचं नाव का घेत नाही? हीट मोड असलेला एसी बाहेरची ऊब उपसून आत आणतो, त्यामुळे एका युनिटमागे साधारण तीन युनिटची ऊब मिळते. फार कडाक्यात कमी होते, तरी कॉइलपेक्षा बरीच. गारठलेली यांचे ६.४ दोन-अडीचवर यावेत.

---

गारठलेली

भाड्याचं घर, भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही. पुढच्या जन्मी.

---

निशाचर

माझा एक जुना प्रश्न. बंद करून रोज संध्याकाळी थंड खोली तापवण्यापेक्षा दिवसभर मंद चालू ठेवणं स्वस्त नाही का? सुरुवातीचे दीड युनिट तरी वाचतील.

---

कोपऱ्यातली खुर्ची

दीड वाचतील आणि बाकीचे अठरा तास ऊब बाहेर पळत राहील तिचं काय? बाहेर ६ असताना दिवसभर २० धरलं तर तासाला ०.९३, म्हणजे अठरा तासांचे जवळजवळ सतरा युनिट. दीडसाठी सतरा!

---

निशाचर

२० कुठे म्हटलं मी, मंद म्हटलं. १५ धरा. आणि दुपारी बाहेर ६ नसतं, ऊनही येतं. आमच्या जाड दगडी भिंती एकदा गार पडल्या की रात्रभर गारवा सोडतात, पाऊण तासात २० होणं आमच्याकडे अशक्य.

---

जुना वायरमन

१५ धरलं, दुपारचं ऊन धरलं, तरी युनिट बंद ठेवण्यातच कमी लागतात. थंड पडलेल्या खोलीतून ऊब कमी पळते, एवढंच कारण. पण दगडी भिंतीच्या घरात सहा तासांत हवा तापते आणि भिंती गारच राहतात, मग २० अंशांतही थंडी वाजते, हे मी पाहिलंय. तिथे कन्व्हेक्टरने हवा तापवत बसायचं की समोर लाल नळीचा हीटर ठेवून माणसालाच शेकायचं, यावर मी ठाम बोलणार नाही. तुमच्या भिंती मी पाहिलेल्या नाहीत.

---

निशाचर

मोजून सांगतो. मीटर आहेच.

---

रिकामटेकडा

आमच्या मांजराने २००० वॅट कधीच पास केलेत. रोज सहा तास, बिल शून्य, तोंड हीटरकडे.

---

हिशेबनीस

मूळ मुद्दा राहिलाच. युनिट कळले, पैसे किती? यांनी १९० ला बिलावरच्या सरासरी दराने गुणलं तर चुकेल. जिथे दर टप्प्याटप्प्याने चढतात तिथे हीटरचे युनिट आधीच्या वापराच्या *वर* जाऊन बसतात, म्हणजे सगळ्यात महाग टप्प्यात. एरवीचा वापर आधी मांडा, त्यावर १९० चढवा, आणि कुठला हिस्सा कुठल्या टप्प्यात पडतो ते पाहून गुणा. स्थिर आकार यात धरू नका, तो हीटर नसता तरी लागलाच असता. प्रति युनिट लागणारा कर मात्र धरा.

---

जुना वायरमन

हे शंभर टक्के बरोबर. आणि यात माझी गती नाही, हेही कबूल.

---

गारठलेली

हिशेबनीस, धन्यवाद. मी सरासरीनेच गुणत होते. पुन्हा केलं तर हीटरचे जवळपास सगळे युनिट वरच्या टप्प्यात पडले. नवरा म्हणतो "बघ, मी म्हटलं होतं". त्याने हे म्हटलं नव्हतं.

आणखी एक. काल दाराखालच्या फटीत जुनी चादर गुंडाळून ठेवली. चक्र सात-आठवरून सहा मिनिटं चालू, नऊ बंद असं झालं. तेवढ्याने सव्वापाच तासांत पाऊण युनिटच्या आसपास वाचतंय. चकतीला हात लावला नाही.

---

चौकस

व्होल्टेज मोजलं. २११. तक्रार मागे.

---

जुना वायरमन

चौकस, हीटर एक्स्टेन्शन बोर्डवर तर नाही ना? २००० वॅट म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर, तासन्तास. लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसला तर तिथली पकड सैल आहे, लगेच बंद करा.

---

चौकस

बोर्डवरच आहे. थांबा, बघून येतो.

---

गारठलेली

@निशाचर, दगडी भिंतीचे आकडे इथेच टाका. सासूबाईंचं घर तसंच आहे, आणि नवऱ्याने तिथलेही ३६० आधीच जाहीर केलेत.